वीस डब्यांचा हिशेब

डोंबिवली, ठाणे, दादर किंवा पुण्याच्या पेठा, कुठल्याही गल्लीत शिरलं तरी ‘घरगुती डबे मिळतील’ अशी एखादी पाटी दिसतेच. त्यातल्या कितीतरी पाट्या वर्षाच्या आत उतरतात. बाईंच्या हाताला चव नव्हती म्हणून असं क्वचितच घडतं. बहुतेक वेळा कारण दुसरंच असतं. रोज पहाटे उठून डबे जातात, गिऱ्हाईक खूश असतं, पण महिन्याच्या शेवटी हातात काही उरत नाही. मग घरातली पहिल्या दिवसापासूनची शंका खरी ठरल्यासारखी वाटते. “आम्ही सांगत होतो,” असं कुणीतरी म्हणतं आणि पाटी खाली येते.

घरातून होणारा विरोध आणि हिशेबातली चूक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत असं आपण समजतो. डब्याच्या व्यवसायात त्या एकमेकींत अडकलेल्या असतात. हे समजून घेण्यासाठी डोंबिवलीतलं एक घर डोळ्यांसमोर आणू. हे कुणा एका कुटुंबाचं वर्णन नाही. अशा अनेक घरांत जे घडतं, त्यावरून ते बेतलेलं आहे. आकडे ढोबळ आहेत. बाजारभाव बदलले की तेही बदलतील, पण हिशेबाची पद्धत बदलणार नाही.

दोन खोल्या आणि स्वयंपाकघर एवढा फ्लॅट. नवरा रोज सकाळच्या लोकलने मुंबईला नोकरीला जातो. घरात सासूबाई आहेत, दोन मुलं शाळेत आहेत. घरातल्या वहिनींचा स्वयंपाक नात्यात नावाजलेला. फ्लॅटचा हप्ता आणि मुलांच्या फिया भागवताना ओढाताण होते, म्हणून त्या डबे सुरू करायचं म्हणतात. सासूबाईंचं पहिलं वाक्य असतं, “अगं, लोकांचे डबे करायची वेळ आली आहे का आपल्यावर?” नवरा विचारतो, “तुला झेपणार आहे का? आणि भांडवल कुठून आणायचं?” माहेरून भावाचा फोन येतो, “ताई, काही अडचण असेल तर सांग, पण हे नको.” सोसायटीचे सेक्रेटरी जिन्यात गाठून विचारतात, “रोज किती वाजता चालणार हे सगळं?”

ही चारही वाक्यं एकाच मापाने मोजू नयेत. सासूबाई आणि भाऊ बोलत आहेत ते प्रतिष्ठेबद्दल. नवरा आणि सेक्रेटरी जे विचारतात, त्या खऱ्या अडचणी आहेत आणि त्यांना उत्तर द्यावंच लागतं.

आधी प्रतिष्ठेचं पाहू. दुसऱ्यांना पैसे घेऊन जेवू घालणं हे मराठी घरांना नवीन नाही. मुंबईच्या गिरणगावात कोकणातून आणि घाटावरून आलेले हजारो कामगार घर गावाकडे ठेवून राहत. त्यांना दोन वेळचं जेवण चाळीतल्या खाणावळवाल्या देत. त्या बायकांच्या कष्टावर गिरण्यांच्या पाळ्या चालत होत्या. कामगार पगार झाला की महिन्याचे पैसे देई, पण वाण्याचं सामान रोज लागे. मधल्या दिवसांसाठी या बायका सावकाराकडून जबर व्याजाने पैसे उचलत आणि कमाईचा मोठा भाग व्याजातच जाई. गोवा मुक्ती लढ्यातून आणि कामगार चळवळीतून आलेल्या प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केलं, ते याच खाणावळवाल्यांसाठी. या बायकांकडे तारण नव्हतं. त्यांचे गट करून, एकमेकींची हमी घेऊन, राष्ट्रीयीकृत बँकेची कर्जं त्यांना मिळवून देण्यात आली. सावकाराचा फास त्यामुळे सैल झाला. पुढे १९८२ साली गिरण्यांचा संप सुरू झाला. पगार थांबले, कामगार गावी गेले आणि ज्यांचं सारं गिऱ्हाईक गिरणीवरच अवलंबून होतं, त्या खाणावळी संकटात सापडल्या.

आज डबा सुरू करणाऱ्या बाईसाठी या इतिहासात दोन धडे आहेत. जेवण आधी आणि पैसे नंतर, असा व्यवहार असेल तर मधल्या दिवसांचं ओझं स्वयंपाक करणारीच्या डोक्यावर येतं. आणि सगळं गिऱ्हाईक एकाच ठिकाणचं असेल, तर ते ठिकाण बंद पडताच चूलही बंद पडते.

आता आपल्या वहिनींकडे येऊ. त्यांच्यापुढचा पहिला निर्णय भाजी कोणती करायची हा नसतो, डबा कुणासाठी करायचा हा असतो. डोंबिवलीत दोन प्रकारचं गिऱ्हाईक सहज मिळतं. एक लोकलने जाणारी नोकरदार मंडळी. त्यांना डबा सकाळी सातच्या आत हवा. दुसरं म्हणजे घरी एकटे राहणारे आजी-आजोबा. त्यांची मुलं पुण्यात, बंगळूरला किंवा परदेशात असतात. त्यांना डबा दुपारी बाराच्या सुमारास लागतो.

नोकरदारांचा डबा सातला द्यायचा, तर वहिनींना साडेतीनला उठावं लागेल. नेमक्या त्याच वेळी स्वतःच्या नवऱ्याचा डबा आणि मुलांची शाळा असते. शिवाय सातला भरलेला डबा दुपारी एकला उघडतो. शिजलेलं अन्न मुंबईच्या दमट हवेत सहा तास बंद डब्यात राहतं. भातात एक जिवाणू असा असतो की त्याचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत. भात कोमट राहिला की ते वाढतात आणि त्यांनी तयार केलेलं विष पुन्हा गरम केल्यानेही जात नाही. मे महिन्यात आमटीला आंबूस वास येणं, वर फेस दिसणं, पळीने उचलल्यावर तार सुटणं ही अन्न बिघडल्याची उघड लक्षणं आहेत. भाताचं मात्र तसं नाही. त्यातलं विष वासाने किंवा चवीने कळेलच असं नाही. म्हणून शिजवणं आणि खाणं यांतलं अंतर कमी ठेवणं हाच खात्रीचा उपाय. दुपारच्या डब्यात हे अंतर आपोआप कमी होतं. नऊनंतर भात लावायचा, अकराला डबे भरायचे, बाराला ते घरोघर पोचतात आणि एकच्या आत जेवणं होतात.

आजी-आजोबांना तिखट कमी लागतं, पोळी मऊ लागते, रोज नवा पदार्थ हवा असा आग्रह नसतो. ते वर्षानुवर्षं टिकतात आणि पैसेही वेळेवर देतात. उन्हाळ्यात दह्याची कोशिंबीर आणि ओल्या खोबऱ्याची वाटणं टाळून काकडी, गाजर, मुगाची डाळ दिली तरी त्यांची तक्रार नसते. वहिनी दुपारचा डबा निवडतात. नवरा आणि मुलं बाहेर पडल्यावर स्वयंपाकघर मोकळं होतं आणि ‘घरचं कोण बघणार’ या प्रश्नाचा मोठा भाग इथेच सुटतो. दोन्ही वेळा धरायचा मोह अनेकींना होतो. तो पहिल्या वर्षी तरी टाळावा, कारण त्यात आधी झोप जाते, मग तब्येत जाते आणि घरातले वाद वाढतात ते वेगळेच.

सुरुवात सहा डब्यांनी होते आणि काही महिन्यांत संख्या वीसवर जाते. डब्यात चार पोळ्या, एक सुकी भाजी, आमटी किंवा वरण, भात आणि कोशिंबीर. जवळचं पोळी-भाजी केंद्र सत्तर रुपयांत डबा देतं, म्हणून वहिनीही सत्तरच लावतात. गिऱ्हाईक आधी जोडू, दर नंतर बघू, असा विचार असतो.

वीस डब्यांना ऐंशी पोळ्या लागतात. एक किलो कणकेच्या तीसेक पोळ्या होतात, म्हणजे अडीच किलोच्या आसपास कणीक. दळणासह तिचे १२० रुपये धरू. सव्वा किलोच्या आत बसणारे तांदूळ ७०, सहाशे ग्रॅम तूरडाळ ९०, तीन किलो भाजी २१०, कोशिंबिरीचं सामान ७०, तेल ५० आणि कांदा, खोबरं, मिरची, मसाला ८०. एकूण ६९० रुपये. वीस डब्यांचे १,४०० रुपये येतात. वहिनींना वाटतं, रोजचे ७१० रुपये सुटले.

घात इथेच होतो. ६९० हा फक्त सामानाचा खर्च आहे. गॅसचे रोजचे ९० रुपये त्यात नाहीत, कारण तो घरच्याच सिलिंडरवर चालला आहे असं वाटतं. खरं तर घरगुती १४.२ किलोचा सिलिंडर व्यवसायासाठी वापरायला नियमाने परवानगी नाही. त्यासाठी व्यावसायिक जोडणी आणि १९ किलोचा सिलिंडर घ्यावा लागतो. डबे पोचवणाऱ्या मुलाला डब्यामागे १५ रुपये, म्हणजे रोजचे ३०० जातात. भाजी चिरायला आणि भांडी घासायला येणाऱ्या बाईंना महिन्याला ३,५०० रुपये, म्हणजे कामाच्या पंचवीस दिवसांवर रोजचे १४०. साबण, पिशव्या, झाकणाच्या रबरी कड्या यांचे ३०. हे सगळं धरलं की रोजचा खर्च १,२५० होतो. हातात उरतात १५० रुपये, म्हणजे महिन्याला ३,७५०.

त्यातूनही दोन गोष्टी वजा व्हायच्या असतात. एखादा डबा हरवतो, एखादी भाजी करपते, कुणीतरी पैसे न देता गाव सोडतं. यासाठी महिन्याच्या जमेच्या शेकडा पाच, म्हणजे १,७५० रुपये बाजूला धरावे लागतात. दुसरी गोष्ट भांड्यांची. वीस गिऱ्हाइकांना चाळीस डबे लागतात, कारण आजचा डबा जातो तेव्हा कालचा परत येत असतो. डबे, मोठी परात, मोठा कुकर मिळून १५,००० रुपयांची खरेदी एका वर्षावर वाटली तर महिन्याला १,२५० येतात. ३,७५० मधून हे दोन्ही काढले की उरतात ७५० रुपये. रोज आठ तास आणि महिन्याचे पंचवीस दिवस, म्हणजे दोनशे तासांचे ७५० रुपये. तासाला चार रुपयेसुद्धा पडले नाहीत.

अशा महिन्याच्या शेवटी नवरा म्हणतो, “एवढी दमतेस, मिळतं काय?” तेव्हा तो चुकीचं काही बोलत नसतो. डब्याचं आणि घरचं किराणा सामान एकाच डब्यातून निघतं, पैसे एकाच पाकिटात पडतात आणि त्यातूनच मुलाची वही आणि दुधाचं बिल जातं. कमाई झाली का आणि कुठे गेली, हे वहिनींनाही सांगता येत नाही. पुरावा नसला की प्रत्येक वाद स्वभावावर येतो. ‘तुम्हाला माझं काही करणं बघवतच नाही’ आणि ‘तुला ऐकायचंच नाही’ या दोन वाक्यांच्या पुढे बोलणं सरकत नाही.

या घरात वळण येतं ते दोनशे पानी वहीमुळे. एका रविवारी वहिनी नवऱ्याला म्हणतात, “अहो, तासभर बसा माझ्याजवळ, सगळं लिहून काढू.” वर मांडलेला हिशेब दोघं मिळून लिहितात. वहीतून निघालेला निष्कर्ष नवऱ्यालाही अनपेक्षित असतो. मेहनत कमी पडत नव्हती, दर चुकलेला होता.

डब्याचा दर शंभर रुपये केला तर काय होईल, हे ते त्याच पानावर मांडतात. वीसही गिऱ्हाइकं राहिली तर रोजची जमा २,००० होते. १,२५० खर्च जाऊन ७५० उरतात, म्हणजे महिन्याला १८,७५०. बुडीत आणि वाया जाणाऱ्याचे शेकडा पाच आता २,५०० होतात, भांड्यांचे १,२५० आहेतच. हातात १५,००० रुपये राहतात, तासाला ७५ रुपये.

भीती असते ती गिऱ्हाईक तुटण्याची. म्हणून ते आणखी एक शक्यता लिहितात. सहा जण सोडून गेले आणि चौदाच उरले, तर रोजची जमा पुन्हा १,४०० होते. सामान, गॅस आणि पोचवणं यांचा खर्च मात्र कमी होतो, एकूण साधारण ९३० रुपये. दिवसाला ४७० प्रमाणे महिन्याला ११,७५० उरतात. त्यातून १,७५० आणि १,२५० वजा करून ८,७५० रुपये हातात येतात. म्हणजे सहा गिऱ्हाइकं गमावूनही, कमी पोळ्या लाटून, कमाई आधीच्या अकरापटीहून जास्त होते. दर वाढवायला धीर लागतो असं आपण म्हणतो. हे चार आकडे समोर असले की तो धीर आपोआप येतो.

दराबरोबर पैसे घेण्याची रीतही बदलावी लागते. महिनाअखेरीला पैसे घ्यायचे ठरवले, तर पहिला रुपया येण्याआधी वहिनींना जवळजवळ ३१,००० रुपये घालावे लागतील. गिरणगावातल्या बायका सावकाराकडे गेल्या, त्या याच खड्ड्यामुळे. पंधरा दिवसांचे पैसे आगाऊ घेतले तर गिऱ्हाइकाच्याच पैशातून सामान येतं. भांड्यांसाठी एकरकमी पैसे लागले, तर मुद्रा योजनेच्या शिशु गटात ५०,००० रुपयांपर्यंत बिनतारण कर्ज मिळतं. पण कर्ज भांड्यांसाठी घ्यावं, रोजच्या भाजीसाठी नाही. भाजीसाठी कर्ज लागत असेल तर दर किंवा वसुली चुकते आहे, असं खुशाल समजावं.

बाकीची घडी बसवणं मग अवघड राहत नाही. केंद्रीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाची मूळ नोंदणी लहान व्यावसायिकांसाठी आहे. तिचं शुल्क वर्षाला १०० रुपये आहे, अर्ज ऑनलाइन करता येतो आणि चौदा आकडी नोंदणी क्रमांक मिळतो. डब्यासोबतच्या कागदावर तो क्रमांक छापला की गिऱ्हाइकाचा विश्वास बसतो. घरातल्यांनाही हा व्यवसाय रीतसर असल्याचं दिसतं. सोसायटीशी आधीच बोलून घ्यावं. सातच्या आत मिक्सर लावायचा नाही, खरकटं तेल मोरीत ओतायचं नाही, सामान चढवताना लिफ्ट अडवायची नाही, एवढं पाळलं तर बहुतेक तक्रारी उद्भवतच नाहीत. सोसायटीचे नियम काय सांगतात ते विचारून परवानगी लेखी घेतलेली बरी.

पैशासाठी स्वतःच्या नावाचं वेगळं बँक खातं हवं. डब्याची सगळी जमा त्यात पडावी, सामान त्यातून यावं आणि महिन्याला एक ठरलेली रक्कम वहिनींनी स्वतःचा पगार म्हणून काढावी. त्यातलं घरात किती द्यायचं हे त्या ठरवतील. अशी रेघ आखली नाही तर डब्याचे पैसे घराच्या प्रत्येक भोकात झिरपतात. पहिल्या वर्षी विरोध करणारे नातेवाईक दुसऱ्या वर्षी ‘घरचाच तर डबा आहे’ म्हणून फुकट मागायला लागतात, तेव्हाही वहीच कामाला येते. कुणाला जेवू घालायचं असेल तर आनंदाने घालावं, पण ते वहिनींच्या पगारातून लिहावं, धंद्यातून नाही.

सणाच्या सुट्ट्या आधी जाहीर कराव्यात. गणपती-गौरीचे दिवस, दिवाळी, मुलांच्या परीक्षेतला एखादा दिवस, हे सगळं वर्षाच्या सुरुवातीला गिऱ्हाइकाला लिहून द्यावं. ताप येऊन पडलं तर काय, यासाठी जवळच डबे करणाऱ्या दुसऱ्या बाईशी आधीच बोलून ठेवावं. आज तिने आपली गिऱ्हाइकं सांभाळायची, उद्या आपण तिची. सासूबाईंच्या मनातला खरा धसका ‘लोक काय म्हणतील’ याइतकाच ‘सणावाराला घरात सून असेल का’ हाही असतो. तारखा लिहिलेला कागद भिंतीवर लागला की तो बराच कमी होतो.

या सगळ्याला मर्यादाही आहे. दोन शेगड्या आणि एका मदतनीस बाईच्या जोरावर पंचवीस-तीस डब्यांच्या पुढे जाता येत नाही. त्यापुढे वेगळी जागा, दुसरी पोळीवाली, दुसरा पोचवणारा लागतो आणि मधल्या काळात कमाई वाढण्याऐवजी घटते. पन्नास डबे करणारी बाई वीसवालीपेक्षा कमी कमावताना दिसते ती यामुळे. वीसवर थांबणं हा मागे राहणं नव्हे, तो विचारपूर्वक घेतलेला निर्णय असू शकतो.

घरातल्या कुणी डबे सुरू करायचं म्हटलं, तर नाही म्हणण्याआधी आणि हो म्हणण्याआधीही तिच्याबरोबर तासभर वही घेऊन बसा. तिच्या आठ तासांची किंमत पहिल्या ओळीत लिहा. आणि तुम्ही कुणाकडून डबा घेत असाल, तर पैसे आगाऊ द्या, उद्या डबा नको असेल तर आज संध्याकाळीच कळवा आणि रिकामा डबा धुऊन परत करा. तिने दर वाढवला, तर घासाघीस करण्याआधी ऐंशी पोळ्यांचा हिशेब आठवा.